काठीची सावली आणि गावाचा अक्षांश

प्रयोगशाळा नाही, इंटरनेट आले तर आले, साहित्य म्हणाल तर खडू, सुतळी आणि मोजपट्टी. अशा खेड्यातील शाळेने मुलांना प्रकल्पासाठी कोणता विषय द्यावा, असे आम्हांस विचारण्यात येते. पुठ्ठ्याचा ज्वालामुखी आम्हांस फारसा मानवत नाही. आम्ही सुचवतो तो विषय असा: आपले गाव विषुववृत्तापासून किती अंश दूर आहे, ते काठीच्या सावलीवरून काढणे.

समजा, गाव पुण्याच्या आसपासचे आहे. २० मार्चच्या आदल्या दिवशी सपाट अंगणात जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटर उंच काठी रोवावी. ती सरळ आहे की नाही, हे दोऱ्याला दगड बांधून ओळंब्याने दोन बाजूंनी पाहावे. काठीभोवती सुतळीने ७० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. सकाळी पावणेअकराच्या सुमारास आखडत येणाऱ्या सावलीचे टोक वर्तुळाला टेकेल; दुपारी पावणेतीनच्या सुमारास लांबत जाताना पुन्हा टेकेल. त्या दोन खुणांचा मध्य काठीच्या बुंध्याशी जोडला की खरी उत्तर-दक्षिण रेषा मिळते.

हा खटाटोप अशासाठी, की मध्यान्हाच्या आगेमागे सावलीची लांबी जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे ‘सर्वांत आखूड’ क्षण नजरेने पकडता येत नाही. दुसऱ्या दिवशी सावली या रेषेवर आली की तो मध्यान्ह. घड्याळात तेव्हा सुमारे १२ वाजून ४२ मिनिटे झालेली असतात. येथेच खरी कसोटी आहे. मध्यान्ह म्हणजे बारा, असे समजून वहीत १२ लिहिणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि ते ‘बरोबर’ करून देणारे शिक्षकही! वास्तविक आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आहे. पुणे त्याच्या पश्चिमेस असल्याने सूर्य तेथे सुमारे ३५ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. उरलेली सातेक मिनिटे पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे व लंबवर्तुळाकार कक्षेमुळे पडतात.

त्या क्षणी सावली सुमारे ३३.५ सेंटिमीटर भरते. कागदावर १० सेंटिमीटरची उभी रेघ व तिच्या पायाशी काटकोनात ३.३५ सेंटिमीटरची आडवी रेघ काढून टोके जोडावीत आणि वरचा कोन कोनमापकाने मोजावा. तो साडेअठरा अंश येतो. त्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर माथ्यावर असतो, म्हणून हाच कोन गावाचा अक्षांश.

सूर्य हा बिंदू नसून बिंब असल्याने सावलीचे टोक सुमारे एक सेंटिमीटर पुसट दिसते. त्याचा मध्य धरावा. तरीही एका सेंटिमीटरची चूक अर्ध्या अंशाची, म्हणजे जमिनीवर पंचावन्न किलोमीटरची पडते. तेव्हा मुलाने ‘साडेअठरा, अर्धा अंश इकडे-तिकडे’ असे लिहिले, तर परीक्षकाने गुण कापू नयेत. नकाशात पाहून १८.५२ लिहिणाऱ्याला मात्र काठी कोठे रोवली होती, ते अवश्य विचारावे.