डिस्क बिघडलेली नाही, तिची लिपी वेगळी आहे

लग्नाचं चित्रीकरण कोल्हापुरात झालं आणि संकलन पुण्यात व्हायचं आहे, असं समजा. संकलकाकडे मॅक आहे. त्याने काम संपवून एक टेराबाइटची डिस्क पाठवली. कोल्हापूरच्या स्टुडिओत ती विंडोज संगणकाला जोडली, तर पडद्यावर सूचना आली, की डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. नेमकं इथेच बहुतेक नुकसान होतं. डिस्क खराब झाली असं समजून माणूस घाईने होकार देतो.

डिस्क मात्र बहुधा धडधाकट असते. कोणती फाइल कुठल्या जागी आहे याची नोंद डिस्कवर विशिष्ट पद्धतीने ठेवलेली असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. मॅकची एपीएफएस ही पद्धत विंडोजला मुळात कळत नाही. न कळलेली डिस्क त्याला कोरीच वाटते, म्हणून ते फॉरमॅटचा सल्ला देतं. मॅकवर याच प्रसंगी Initialize असं बटण दिसतं, तेही तितकंच घातक. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त नोंदवही नवी होते, त्यामुळे साध्या फिरत्या डिस्कवरचा मजकूर काही वेळा परत मिळवता येतो. एसएसडीवर तशी आशा फार कमी. सूचना रद्द करून, ज्या संगणकावर डिस्क चालत होती तिथे ती जोडून पाहणं हा पहिला उपाय.

उलट दिशेचा प्रवास जास्त फसवा आहे. स्टुडिओने विंडोजची नेहमीची एनटीएफएस डिस्क पुण्याला पाठवली, तर मॅकवर सगळे फोल्डर दिसतात आणि चित्रफिती चालतातही. पण संकलित फाइल परत डिस्कवर टाकायला गेलं की जमत नाही. मॅक एनटीएफएस वाचतो, त्यावर लिहीत नाही. डिस्कच्या चिन्हावर Get Info उघडलं की Format समोर NTFS दिसतं, आणि शंका मिटते. लिहिण्यासाठी तिसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर मिळतात, पण ग्राहकाच्या लग्नाची एकमेव प्रत त्यांच्या भरवशावर मी टाकणार नाही.

अशा जा-ये करणाऱ्या डिस्कसाठी एक्सफॅटच घ्यावी. मायक्रोसॉफ्टने ती २००६मध्ये आणली. मॅकवर तिच्यात वाचन-लेखन दोन्ही होतं आणि आजच्या लिनक्समध्येही ती चालते. जुन्या फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते, आणि लग्नाची चित्रफीत ही मर्यादा सहज ओलांडते; एक्सफॅटमध्ये ती अडचण नाही.

मग सगळ्याच डिस्क एक्सफॅट का करू नयेत? कारण एनटीएफएस बदल करण्याआधी ते एका नोंदीत टिपून ठेवतं. लिहिणं चालू असताना केबल निघाली, तर त्या नोंदीवरून डिस्कची रचना सावरता येते. अर्धवट लिहिलेली फाइल मात्र तिथेही वाचेलच असं नाही. एक्सफॅटमध्ये अशी नोंद नाही. केबल ओढली की फोल्डरच गायब होण्याची शक्यता असते. अशी डिस्क नंतर मॅकला जोडली, तर ती बराच वेळ दिसतच नाही. पडद्यामागे `fsck_exfat` नावाची तपासणी सुरू असते आणि मोठ्या डिस्कवर तिला वेळ लागतो. Activity Monitor मध्ये ते नाव दिसलं, तर थांबावं. पुन्हा केबल काढणं म्हणजे दुखण्यावर आणखी घाव.

दुसरी अडचण बारीक फाइलींची. ३२ जीबीपेक्षा मोठ्या एक्सफॅट डिस्कवर विंडोज सहसा १२८ केबीचे कप्पे पाडतं, आणि फाइल कितीही छोटी असली तरी कप्पा पूर्ण अडतो. दोन केबीच्या एक लाख फाइली, म्हणजे जेमतेम २०० एमबीचा ऐवज, सुमारे १२ जीबी जागा खातो. एनटीएफएसमध्ये कप्पा सहसा ४ केबीचा असतो. चित्रफितींना याचा त्रास नाही, पण कार्यालयातल्या कागदपत्रांच्या साठ्याला आहे. म्हणून एकाच विंडोज संगणकाला जोडलेल्या बॅकअप डिस्कवर मी एनटीएफएसच ठेवेन.

एनटीएफएसचं एक्सफॅट करायचं तर मजकूर जागेवर ठेवून ते होत नाही. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा, चार-दोन मोठ्या फाइली तिथे उघडून पाहा, मगच फॉरमॅट करा. मॅकवर करत असाल, तर Disk Utility मध्ये Show All Devices निवडून सर्वांत वरची डिस्क घ्या, Format ला ExFAT आणि Scheme ला GUID Partition Map ठेवा. विंडोजवर करत असाल, तर Allocation unit size स्वतः वाढवू नका. फार मोठ्या कप्प्यांची डिस्क मॅक नाकारू शकतो. मग एक लहान फाइल दोन्ही संगणकांवर लिहून, पुसून पाहा आणि केबल काढण्याआधी प्रत्येक वेळी Eject करा. टीव्हीला जोडायची असेल, तर आधी टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत कोणती पद्धत चालते ते बघा, कारण सगळेच टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत.