आवाज वर, गळती खाली

रात्री अडीचला घर शांत असतं. बाथरूममध्ये कोणी नसतं, तरी फ्लशच्या टाकीत सर्र आवाज होतो, दहा-बारा सेकंद पाणी भरतं आणि थांबतं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

ठाण्यातल्या एका फ्लॅटमध्ये हा खेळ महिनाभर चालला. आवाज बॉलकॉकचा, म्हणून घरच्यांनी बॉलकॉकच बदलून घेतला. नवा बॉलकॉकही त्याच वेळापत्रकाने वाजू लागला!

बिचाऱ्याचा दोष नव्हताच. पातळी खाली गेली की पाणी घ्यायचं, एवढंच त्याचं काम. पाणी जात होतं ते तळातून.

दुसऱ्या प्लंबरने आधी टाकीखालचा अँगल कॉक बंद केला, झाकण काढलं आणि आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण केली. अर्ध्या तासात पाणी खुणेच्या एक सेंटिमीटर खाली आलं. टाकी आतून साधारण ४० बाय १५ सेंटिमीटर; म्हणजे ६०० मिलिलिटर पाणी गेलं. दिवसाचा हिशेब जवळपास २९ लिटर, दोन बादल्यांच्या आसपास.

टाकीबाहेर कुठे ओल नव्हती, त्यामुळे पाणी कमोडमध्येच उतरत होतं. टाकीच्या तळाशी, कमोडकडे जाणाऱ्या भोकावर एक झडप बसते. जुन्या पद्धतीत ती साखळीने उचलली जाणारी रबरी झाकणी असते, तिला फ्लॅपर म्हणतात. दोन बटणांच्या टाकीत तेच काम फ्लश व्हॉल्व्हखालचं रबरी किंवा सिलिकॉनचं वॉशर करतं. बोअरच्या जड पाण्याने त्यावर क्षार चढतात, टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्यांनी रबर कडक होतं. कधी रबर चांगलं असतं, पण साखळी इतकी आखूड असते की झाकणी पुरती टेकतच नाही किंवा बटण दाबलेलंच अडकून राहतं.

बॉलकॉक खरोखर बिघडला असेल तर लक्षण वेगळं दिसतं. तेव्हा पाणी थांबून थांबून येत नाही, बारीक धार सतत चालू राहते. झाकण काढलं की टाकी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत भरलेली दिसते आणि जास्तीचं पाणी त्या नळीतून कमोडमध्ये जातं. अशा वेळी फ्लोट हाताने वर उचलून पाहावा. धार थांबली, तर फ्लोट उंचावर लावलेला आहे किंवा त्यात पाणी शिरून तो जड झाला आहे. पातळी नळीच्या तोंडापेक्षा इंचभर खाली राहील असा तो लावावा. फ्लोट उचलूनही धार थांबत नसेल, तर बॉलकॉकच्या वॉशरमध्ये कचरा अडकलेला असतो. सोसायटीची टाकी धुतल्यानंतर हे हमखास होतं.

ठाण्याच्या त्या घरी वॉशर काढलं तेव्हा त्याच्या कडेवर पांढरा, खरखरीत थर होता. त्याने दिलेला चर बोटाला लागत होता. नवं वॉशर बसवून, खालची बैठक पुसून टाकी भरली आणि रात्री पुन्हा कॉक बंद करून ठेवला. सकाळी पाणी पेन्सिलच्या खुणेवरच होतं.