शौचालय आहे, पाणी नाही

आमच्या जवळच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत ६२ मुलं शिकतात. वर्गखोल्या कोरड्या, फळे नीट, पोषण आहाराचं स्वयंपाकघर स्वच्छ. मुलींच्या शौचालयाला मात्र कुलूप होतं. किल्ली मागवून उघडलं, तर भांडं कोरडं ठाक आणि नळाच्या तोटीवर कोळ्याचं जाळं. शौचालय वापरात आहे की नुसतं नोंदीत, हे अशा खुणांवरून कळतं.

बांधकाम पक्कं आहे. छतावर पाचशे लिटरची टाकीही आहे. पण ती भरणारी मोटर जळालेली. हातपंप मैदानाच्या पार टोकाला, त्यामुळे बादल्या वाहायला कोणी नाही. पाचवीतल्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, असं बाईंनी सांगितलं. हे ऐकून फार वाईट वाटलं.

खरं तर गरज थोडी आहे. एका वापराला सुमारे तीन लिटर धरले, तर ६२ मुलांना एका वेळेला १८६ लिटर लागतात. हात धुण्याचं पाणी धरूनही टाकी दोनेक दिवस पुरेल.

म्हणून आधी मोटर दुरुस्त करावी. समग्र शिक्षाच्या शाळा अनुदानातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठीच असतो. त्यातून सफाईचं साहित्य घ्यावं. कुलूप काढून आतून कडी बसवावी. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असाव्यात, असा २००९चा कायदा सांगतो. त्या मातांनी दर आठवड्याला तोटी उघडून पाहावी. पालकांनो, पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीच मांडा.