साठ किलो वजन की वस्तुमान?

मराठी माध्यमातून दहावी झालेला मामेभाऊ कॅनडात अकरावीला बसतो. तिथे भौतिकशास्त्र इंग्रजीत, आणि डोक्यात मात्र बालभारतीचा ‘गुरुत्वाकर्षण’ हा धडा. मग घरच्या आतेबहिणीकडे मागणी येते: धड्याचे फोटो काढ आणि इंग्रजीत थोडक्यात लिहून पाठव.

इंग्रजी बरी असलेल्या बहिणीचीही फसगत होते ती रोजच्या बोलण्यामुळे. आपण ‘माझं वजन साठ किलो’ म्हणतो. पुस्तकाच्या हिशेबी ते वस्तुमान असते. वस्तुमान म्हणजे मास, किलोग्रॅममध्ये. वजन म्हणजे वेट, पृथ्वी त्या वस्तूला ज्या बलाने ओढते ते, म्हणून न्यूटनमध्ये. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे पृथ्वीवरचे वजन ६० गुणिले ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. चंद्रावर ते सुमारे ९८ न्यूटनवर येते, वस्तुमान तेवढेच राहते. आता सारांशात पहिल्या परिच्छेदात मास आणि तिसऱ्यात त्याच गोष्टीला वेट म्हटले, तर भावाला चंद्रावर माणूस झिजतो असेच वाटेल.

म्हणून सारांशाआधी एका कागदावर शब्दांची जोडयादी करावी: बलाला फोर्स, शक्तीला पॉवर, चालीला स्पीड, वेगाला व्हेलॉसिटी, त्वरणाला अ‍ॅक्सलरेशन. हे शब्द मनाने ठरवायची गरज नाही. बालभारती हेच पुस्तक इंग्रजी माध्यमासाठीही काढते. तोच धडा उघडला की शब्द समोर मिळतात. त्यात न सापडलेल्या शब्दासाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्र परिभाषा कोश आहे. एकदा जोडी ठरली की लिहिताना पर्यायी शब्द वापरायचे नाहीत. निबंधात पुनरुक्ती खटकते, इथे तीच हवी.

शंका आली तर एकक पाहावे. न्यूटन दिसला की ते बल, वॅट दिसला की शक्ती. बोलताना दोन्हींना ताकद म्हणणाऱ्यांनी तर ही सवय लावूनच घ्यावी.

फोटोची कुरापत वेगळी. पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वाकते आणि ओळीचे टोक अंधारात जाते. धूसर फोटोत ९ चा १ होतो. घातांक तर हमखास बळी पडतो: पृथ्वीचे वस्तुमान सुमारे 6 × 10²⁴ kg, पण वरचा 24 खाली उतरला की उरतात फक्त 6 × 1024 किलो. ट्रकभर पृथ्वी! मोठा `G` आणि छोटा `g` यांचीही अशीच सरमिसळ होते. पहिला विश्वात सगळीकडे सारखा. दुसरा चंद्रावर गेलात की बदलतो. सूत्रे आणि आकडे फोटोवरून नव्हे, पुस्तकातून पुन्हा ताडून पाहावेत.

एका शब्दापाशी मात्र टीप जोडावी. मुक्तिवेगाला इंग्रजी आवृत्तीत एस्केप व्हेलॉसिटी म्हणतात, पण परदेशी पुस्तकांत एस्केप स्पीडही आढळते. पृथ्वीसाठी दोन्हींचा आकडा एकच, सेकंदाला ११.२ किलोमीटर.