दगडखाण बंद करण्याचा खर्च आणि प्रकल्पाचे वर्तमान मूल्य : ठाणे–कल्याण परिसराचा मागोवा

खोपटपासून कल्याण–डोंबिवलीपर्यंत बांधकामाला लागणारी खडी दख्खनच्या काळ्या कातळातून येते. हा कातळ फोडणाऱ्या खाणींचे उघडे कडे पारसिक डोंगराच्या रांगेत आजही दिसतात. येथे फोडलेला जवळजवळ सगळा दगड विकला जातो. त्यामुळे काम संपल्यावर खड्डा भरायला पुरेसा भराव उरत नाही. जमीन सावरणे म्हणजे कड्याचा उतार टप्प्याटप्प्याने कमी करणे, सुरुवातीला बाजूला काढलेली माती–मुरूम पुन्हा पसरणे, झाडे लावणे, पाणी साचलेल्या खड्ड्याला कुंपण घालणे आणि पुढची काही वर्षे देखरेख ठेवणे.

हा खर्च हिशेबात हळूहळू आला. खनिज संवर्धन नियमांत २००३ साली खाण बंद करण्याचा आराखडा आणि वित्तीय हमी आली, पण ती मोठ्या खनिजांपुरती. ‘अ’ वर्गातील खाणींसाठी तिचा दर हेक्टरी २५ हजार रुपये होता आणि २०१७ च्या नियमांत तो ३ लाख झाला. दगड गौण खनिज असल्याने त्याचे नियम करण्याचा अधिकार १९५७ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार राज्याकडे आहे, त्यामुळे दगडखाणी या तरतुदीबाहेर राहिल्या. कोळसा खाणींसाठी २००९ साली वेगळे खाते उघडून दरवर्षी ठरावीक रक्कम त्यात टाकण्याची पद्धत आली. गौण खनिजांच्या बाबतीत महत्त्वाचा टप्पा म्हणजे दीपक कुमार खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आदेश. पाच हेक्टरखालच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली. न्यायालयाने राज्यांपुढे ठेवलेल्या शिफारशींत खणलेल्या जमिनीच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र निधी उभारण्याची सूचना होती. महाराष्ट्राचे गौण खनिज नियम पुढच्या वर्षी, २०१३ साली आले.

बंद करण्याचा खर्च हिशेबात धरल्याने निव्वळ वर्तमान मूल्यावर काय परिणाम होतो, हे एका कल्पित खाणीवरून पाहता येते. भांडवल ३ कोटी, दहा वर्षे दरवर्षी महागाई धरून हातात येणारी रोकड ७० लाख, वटावाचा दर १२ टक्के. या रोकडीचे आजचे मूल्य ३९५.५ लाख होते. म्हणजे बंद करण्याचा खर्च धरलाच नाही, तर वर्तमान मूल्य ९५.५ लाख दिसते.

आता जमीन सावरण्याचा खर्च आजच्या दराने १ कोटी आणि तो अकराव्या वर्षी करायचा, असे धरू. हा आकडा तसाच वटवला तर २९ लाख होतो आणि वर्तमान मूल्य सुमारे ६७ लाख राहते. येथेच नेहमीची चूक होते. रोकड महागाईसह मोजायची आणि खर्च मात्र आजच्या दराने, असा हा हिशेब आहे. महागाई ६ टक्के धरली तर अकराव्या वर्षी प्रत्यक्ष १९० लाख लागतील. त्यांचे आजचे मूल्य ५४.६ लाख आणि प्रकल्पाचे ४०.९ लाख. प्रकल्पाच्या अहवालात खर्चाच्या रकमेला वाढीचा दर लावलेला नसेल, तर ही चूक लगेच ओळखता येते.

याच गणितात दिरंगाईचे आमिषही दडलेले आहे. पट्टा वाढवून घेऊन हाच खर्च एकविसाव्या वर्षापर्यंत ढकलला, तर त्याचे आजचे मूल्य ३१.५ लाखांवर येते. तोपर्यंत रक्कम मात्र ३४० लाख झालेली असते. वटावाचा दर महागाईपेक्षा जास्त असेपर्यंत उशीर करणे कागदावर फायद्याचेच दिसते.

कोळशासारखी खात्याची पद्धत हे आमिष काढून घेते. समजा, दरवर्षी आजच्या दराने १० लाख, ६ टक्क्यांनी वाढवत, अशा खात्यात टाकले आणि खात्यावर ६ टक्केच व्याज मिळाले. अकराव्या वर्षी बरोबर १९० लाख जमतात. पण पैसे आधी अडकतात, म्हणून मालकाच्या दृष्टीने बोजा ५४.६ ऐवजी ७४.८ लाख होतो आणि वर्तमान मूल्य २०.७ लाखांवर उतरते. हा २० लाखांचा फरक म्हणजे खर्च वाढला असे नव्हे. उशिरा देण्याची सवलत गेली, एवढेच.

खणता खणताच जमीन सावरली, तर पैसे देण्याचा क्रम असाच असतो. मात्र काम स्वस्त पडू शकते. माती एका टप्प्यावरून काढून थेट संपलेल्या टप्प्यावर टाकली, की दुहेरी वाहतूक वाचते आणि शेवटी यंत्रे पुन्हा आणावी लागत नाहीत. वरच्या आकड्यांत एकूण खर्च २७ टक्क्यांहून जास्त कमी झाला, तरच ही पद्धत शेवटी एकदम खर्च करण्यापेक्षा वर्तमान मूल्यात सरस ठरते. डोंगरउताराच्या खाणीत वरचे टप्पे आधी संपतात, म्हणून तेथे अशी बचत साधणे शक्य असते. खोल खड्ड्याच्या खाणीत तळ शेवटपर्यंत चालू राहतो. तेथे बहुतेक खर्च अखेरीसच येतो आणि खात्यात रक्कम जमवत राहणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.