बुधवारी अडीच वाजता, केबिन नंबर दोन

मार्च संपला, की कारखान्यांच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. वार्षिक अप्रेझल चर्चा, खाली तारखा, नावं आणि वेळा. वाचणारा आपलं नाव शोधतो, वेळ बघतो आणि कपाळाला आठ्या घालून निघून जातो. कारण बहुतेकदा ही यादी बनवणाऱ्याने कॅलेंडर पाहिलेलं असतं, पाळीपत्रक पाहिलेलं नसतं.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. क्वालिटी विभागात साहेब सोडून बारा माणसं. चौघं जनरल शिफ्टला, आठ जण पाळीवर. सोमवार 13 एप्रिलपासून रोज तीन जणांशी बोलायचं, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी विषय संपला, असा हिशेब कागदावर झटकन बसतो. प्रत्यक्षात मंगळवारी 14 तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी. गुरुवारी तर त्या भागातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीच असते. चार दिवसांतले दोन नोटीस लागायच्या आधीच गेले.

मग खरी यादी अशी बसते: सोमवार 13, बुधवार 15, शुक्रवार 17, शनिवार 18 आणि सोमवार 20. रोज तीन वेळा, अकरा, अडीच आणि चार. प्रत्येक चर्चा पन्नास मिनिटांची. अकराची वेळ जनरलवाल्यांची. अडीचची पहिल्या पाळीची, कारण ती साडेतीनला सुटते आणि तीन वीसला केबिनमधून बाहेर पडलेला माणूस आपली बस गाठू शकतो. चारची दुसऱ्या पाळीची, आल्यावर अर्ध्या तासात लाइनचा ताबा घेऊन झाला की. जागा पंधरा, माणसं बारा. उरलेल्या तीन जागा रिकाम्याच ठेवायच्या. त्या पाच दिवसांत कस्टमरचा माणूस अचानक ऑडिटला येऊन टपकणार नाही, याची हमी कोण देतं?

रात्रपाळीवाल्यांचं काय, हा प्रश्न यादी करणाऱ्याला हमखास चकवतो. पाळी शुक्रवारी बदलते. बुधवारपर्यंत रात्री असलेले तिघं शुक्रवारपासून दुसऱ्या पाळीत येतात, म्हणून त्यांना शुक्रवार, शनिवार आणि सोमवारची चारची वेळ. उलट आज पहिल्या पाळीत असलेले दोघं शुक्रवारपासून रात्रीला जाणार. त्यांची चर्चा सोमवारी आणि बुधवारीच उरकायला हवी. त्यांच्या नावांपुढे ‘फक्त 13 किंवा 15’ असं लिहिलेलं असावं. हे चार शब्द सहसा नसतात आणि पुढचा सगळा घोळ त्यातून होतो.

समजा, या दोघांपैकी बुधवारी अडीचची वेळ मिळालेल्या इन्स्पेक्टरच्या चुलत भावाचं लग्न नेमकं त्याच दिवशी निघालं. तो शनिवारच्या अडीचवाल्या मित्राला गाठतो. मित्र म्हणतो, ‘‘घे की, मला काय, बुधवार तर बुधवार.’’ दोघंही खूश. पण शनिवारी हा पठ्ठ्या रात्रपाळी करून सकाळी सातला घरी जाणार आणि झोपमोड करून अडीचला परत येणार. मित्र बुधवारी दुसऱ्या पाळीत, म्हणजे तोही तासभर आधी येऊन बसणार. एक अदलाबदल आणि दोघांनाही ज्यादा फेरा. शिवाय वर्षभराच्या कामाबद्दल अर्धवट झोपेत बोलायचं.

हीच अडचण सोमवारच्या अडीचवाल्याशी वेळ बदलून सुटते. तोही त्याच पाळीत, तोही रात्रीला जाणारा. बुधवारी तो तसाही कारखान्यातच असणार.

म्हणून अदलाबदलीचा पहिला नियम पाळीचा. त्या दिवशी दोघंही त्या वेळेला कामावर असले पाहिजेत. दुसरा असा, की दोघांनी मिळून यादी सांभाळणाऱ्या एकाच माणसाला सांगायचं, आदल्या कामाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत, आणि त्याने बोर्डावरच्या यादीवर पेनने बदल करून सही केल्याशिवाय तो धरायचा नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ‘ओके’चा अंगठा म्हणजे बदल नव्हे. तसं चालू दिलं, की तिसरा माणूस त्यातल्याच एकाशी परस्पर ठरवतो आणि बुधवारी अडीचला केबिनच्या दारात दोघं उभे राहतात, सोमवारी कोणीच नसतं. रिकाम्या तीन जागा मात्र आपापसांत वाटून घ्यायच्या नाहीत. त्या आजारपणासाठी आणि साहेबाच्या स्वतःच्या अडचणींसाठी.

आपला इन्स्पेक्टर दोन दिवस अलीकडे आला, त्याच्या फॉर्मचं काय? अनेक नोटिशींत ‘चर्चेच्या दोन दिवस आधी फॉर्म द्यावा’ असं असतं. बुधवारी चर्चा असणाऱ्याने तो सोमवारी द्यायचा ठरवलेला असतो आणि आता त्याची चर्चाच सोमवारी. त्यापेक्षा सगळ्यांना एकच मुदत बरी, शनिवार 11 तारखेला संध्याकाळी पाच. मग वेळा कशाही फिरोत, साहेबाच्या हातात बाराही फॉर्म आलेले असतात.

फॉर्म दोन पानांच्या वर गेला, की माणसं शेजाऱ्याचा उतरवून काढतात. ‘दिलेले काम प्रामाणिकपणे व वेळेत पूर्ण केले’ हे वाक्य तर किती फॉर्मांत सापडेल! ते खोटं नसतं, पण त्यावर साहेब काय बोलणार? त्याऐवजी ‘एप्रिल ते मार्चमधल्या प्रत्येक तिमाहीतलं एक काम लिहा आणि त्याची नोंद कुठे सापडेल ते सांगा’ असं विचारलं, तर उत्तर वेगळं येतं. ‘ऑगस्टमध्ये बोअर मोठा असलेले पीस पास होत होते. प्लग गेजची नो-गो बाजू तपासली, ती झिजलेली नव्हती. नवीन मुलगा गेज जोर लावून घालत होता आणि गेलेलं गेज गो बाजूचंच आहे असं समजत होता. दोन्ही टोकांना वेगळा रंग दिला. रजिस्टर पान 41.’ या चार ओळींवर अर्धा तास बोलता येतं. तिमाहीवार विचारण्याचं आणखी एक कारण आहे. साहेबाला जानेवारी ते मार्च आठवतं, मागचा जून आठवत नाही.

फॉर्मवर पगारवाढीची अपेक्षा विचारावी का? अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत मायर, के आणि फ्रेंच या तिघांनी प्रत्यक्ष अप्रेझलांचा अभ्यास करून 1965 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये तो मांडला. एकाच बैठकीत पगार ठरवणं आणि काम सुधारणं ही दोन्ही कामं होत नाहीत, असं त्यांना आढळलं. टीका जास्त झाली, की माणूस बचावात शिरतो आणि नेमक्या त्याच बाबतीत सुधारणा कमी दिसते. त्यांचा सल्ला दोन्ही बैठका वेगळ्या घेण्याचा होता. आपल्याकडे दोनदा वेळ काढणं अवघड, हे खरं. पण पगाराचं पत्र मे महिन्यात मिळेल, चर्चेत आकडा निघणार नाही, एवढं तरी नोटिशीत लिहिता येतं. आकड्याची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या कानात गेजबद्दलचं काही शिरत नाही.

शेवटच्या पानावरची सही हा नाजूक मामला. ‘मान्य’ असं छापलं असेल, तर न पटलेला माणूस सही टाळतो किंवा मुकाट्याने करतो आणि वर्षभर कुढतो. ‘चर्चा झाली, शेरा वाचला’ एवढंच छापावं आणि खाली त्याला आपलं म्हणणं लिहायला चार ओळी मोकळ्या ठेवाव्यात. शेरा लपवून ठेवण्याची किंमत सीमा रस्ते विभागातल्या देव दत्त या अभियंत्याने मोजली. 1993-94 सालासाठी त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीला ‘खूप चांगला’ लागत होता आणि तो शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे 2008 मध्ये निकाल दिला, की सरकारी कर्मचाऱ्याला चांगला-वाईट प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. तोवर ते निवृत्त झाले होते.

त्यानंतर 2009 मध्ये केंद्राने पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवून त्यावर म्हणणं मांडायला 15 दिवस देण्याची पद्धत लागू केली. खासगी कारखान्याला हे बंधन नाही. तिथे मुदत नोटिशीतच लिहावी लागते: शेरा मिळाल्यापासून सात दिवस, लेखी, यादी सांभाळणाऱ्याकडे नव्हे तर साहेबाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे.