बूस्टर घेण्याआधी गच्चीवर जा

दिवाणखान्यात फोन लागत नाही, खिडकीशी उभं राहिलं की तुटक आवाज येतो आणि अंगणात गेलं की सगळं छान चालतं, अशा घरातला कुणीतरी एक दिवस ऑनलाइन ‘मोबाइल सिग्नल बूस्टर’ शोधतो. काही हजार रुपयांत एक डबा, एक अँटेना आणि केबलचं वेटोळं मिळतं. जाहिरातीत रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात. डबा खोटा नसतो, बऱ्याचदा तो चालतोही. पण तो काय करतो हे नीट कळलं, तर बहुतेक घरांना त्याची गरज नसते, आणि आपल्या देशात तो लावणं कायद्यातही बसत नाही.

बूस्टर किंवा रिपीटर स्वतः सिग्नल तयार करत नाही. छपरावरची अँटेना टॉवरकडे तोंड करून असते आणि बाहेरचा सिग्नल पकडते. तो केबलमधून डब्यात येतो, तिथे कित्येक पटींनी मोठा होतो आणि घरातल्या छोट्या अँटेनातून खोल्यांत पसरतो. तुमच्या फोनचा आवाज याच वाटेनं उलटा टॉवरकडे जातो, म्हणून डब्यात दोन्ही दिशांचे अँप्लिफायर असतात. थोडक्यात, छपरावर जे आहे ते घरात आणायचं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे घरात रेंज किती कमी आहे यापेक्षा बाहेर, उंचावर किती आहे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

याचं उत्तर काड्या मोजून मिळत नाही, कारण किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या About phone खाली SIM status मध्ये तो दिसतो. आयफोनवर *3001#12345#* डायल केलं की तपशिलाचा पडदा उघडतो. आकडा उणे असतो. ४जीसाठी उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० ला ओढाताण सुरू होते आणि उणे १२० ला फोन जेमतेम जिवंत असतो. यातला दर १० चा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक. म्हणून उणे ९८ आणि उणे ११८ हे आकडे जवळचे वाटले, तरी त्यांच्यात शंभर पटींचं अंतर आहे.

समजा, कोकणात दरीच्या कडेला एक चिरेबंदी घर आहे. माजघरात आकडा उणे ११८, पाण्याच्या टाकीजवळ उणे ९८. म्हणजे सिग्नल आहे, भिंती त्याला अडवत आहेत. टाकीवरची दिशादर्शी अँटेना साधारण १० डेसिबलची भर घालते. वीस मीटर साध्या केबलमध्ये ६ च्या आसपास वाया जातात. डबा ६० वाढवतो, आतली अँटेना ३. मग हवेतून पाच मीटर जाताना १८०० मेगाहर्ट्‌झवर जवळपास ५१ गळतात. हिशेब उणे ८२ वर येतो, म्हणजे त्या खोलीत फोन उत्तम चालेल. मात्र शेजारच्या खोलीत जाताना मधली चिऱ्याची भिंत त्यातले दहा-पंधरा खाते. एका डब्यानं अख्खं घर उजळेल असं धरून चालू नये. आणि टाकीवरच आकडा उणे ११८ असता, तर हाच डबा मुख्यतः गोंगाट मोठा करून घरात आणून सोडता.

दुसरी अडचण जाहिरातीत कधी नसते. आतल्या अँटेनातून निघालेला सिग्नल छपरावरच्या अँटेनानं पुन्हा पकडला, तर तोच डब्यात शिरून पुन्हा मोठा होतो. माइक स्पीकरसमोर धरला की शिट्टी वाजते, तसंच हे. डबा ६० डेसिबल वाढवत असेल, तर दोन्ही अँटेनांमध्ये किमान ७५ डेसिबलचा अडसर हवा. जाड स्लॅब किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर तो मिळू शकतो. कौलारू घरात, आणि अँटेना एकमेकींच्या जवळ असतील तर, तो मिळणं अवघड. चांगली उपकरणं शिट्टीची चाहूल लागताच स्वतःची ताकद कमी करतात. स्वस्त डबे ओरडत राहतात, आणि तो गोंगाट थेट टॉवरच्या कानात जातो. सामान्य फोनची कमाल ताकद ०.२ वॉट असते. टॉवरचं यंत्र इतकी क्षीण हाक ऐकायला बसलेलं असतं. शेजारी एक बिघडलेला डबा केकाटू लागला की त्या टॉवरवरच्या इतरांचे फोन तुटू लागतात. आपल्या घरात काड्या भरलेल्या असतात, त्यामुळे आपल्याला याचा पत्ताही लागत नाही.

म्हणूनच दूरसंचार विभागानं जानेवारी २०२२ मध्ये लोकांना उद्देशून स्पष्ट सांगितलं, की परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज कुणीही रिपीटर किंवा बूस्टर बाळगणं, विकणं वा वापरणं बेकायदा आहे. ऑनलाइन मिळतो म्हणजे चालतो, हा समज चुकीचा. कंपनीनं स्वतः बसवलेला रिपीटर मात्र चालतो. मोठ्या इमारतींत, तळघरांत, मॉलमध्ये कंपन्या अशी यंत्रणा बसवतात. सोसायटीच्या शंभर घरांची एकत्र लेखी तक्रार कंपनीकडे गेली, तर तिची दखल घेतली जाण्याची शक्यता एकट्याच्या फोनपेक्षा बरीच जास्त.

कायदा बाजूला ठेवला तरी बूस्टरच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी उरतातच. संध्याकाळी सात ते दहा नेट रांगत असेल आणि पहाटे सुसाट पळत असेल, तर रेंज नव्हे, टॉवरवरची गर्दी नडते आहे. गर्दी वाढवून कमी होत नाही. शिवाय अनेक स्वस्त डबे फक्त ९०० मेगाहर्ट्‌झवर चालतात, जिओचं ४जी त्या पट्ट्यात नाही. आणि साध्या डब्याची वाट एकपदरी असते. ४जीचा वेग मात्र एकाच वेळी दोन-दोन प्रवाह पाठवण्यातून येतो. म्हणून काड्या वाढूनही वेग तितका वाढत नाही.

घरात ब्रॉडबँड असेल तर उत्तर फोनमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये Wi-Fi calling सुरू करा. फोन वाय-फायवरून इंटरनेटमार्गे थेट कंपनीच्या यंत्रणेशी सुरक्षित जोडणी करतो आणि तुमच्या नेहमीच्या नंबरवरूनच कॉल येतात-जातात. एअरटेलनं ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये सुरू केली, जिओनं जानेवारी २०२० मध्ये, आणि नंतर व्हीआयनंही. चाचणी सोपी आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाका, फक्त वाय-फाय सुरू करा आणि घरातल्या कुणाला तरी कॉल करा. लागला की काम झालं. यात एकच मेख आहे. वीज गेली की राउटर बंद आणि फोनही बंद. राउटरला जेमतेम दहा-पंधरा वॉट लागतात, त्यामुळे त्याच्यापुरती छोटी बॅटरी घेतली तरी भागतं.

ब्रॉडबँडची तार गावात पोचलेलीच नसेल, तर बाहेर बसवायचा सिमकार्डवर चालणारा ४जी किंवा ५जी राउटर पाहा. वर सांगितलेल्या कोकणातल्या घरासाठी मी हाच निवडेन. तो टाकीजवळ बसतो, तिथला उणे ९८ चा सिग्नल दोन अँटेनांनी घेतो आणि घरात वाय-फाय देतो. त्यावर Wi-Fi calling चालतं. टॉवरच्या दृष्टीनं तो एक साधा ग्राहक असतो, त्यामुळे कायद्याचीही भानगड नाही. मात्र विकत घेण्याआधी टाकीवर वेगवेगळ्या कंपन्यांची सिम एकाच फोनमध्ये घालून आकडे लिहून घ्या, कारण शेजारच्या डोंगरावरचा टॉवर कुठल्या कंपनीचा आहे यावर सगळं ठरतं.

परदेशात राहणाऱ्यांचं गणित वेगळं. अमेरिकेत एफसीसीच्या मानकांत बसणारे घरगुती बूस्टर आपल्या मोबाइल कंपनीकडे नोंदवून वापरता येतात, आणि ब्रिटनमध्ये ठरावीक निकषांचे घरगुती रिपीटर २०१८ पासून परवान्याविना चालतात. तिथे छपरावर चांगला सिग्नल असेल, भिंती जाड असतील आणि इंटरनेट धड नसेल, तर बूस्टरवर पैसे खर्च करण्यात अर्थ आहे. इथे तो घेऊ नका. ते पैसे राउटर आणि त्याच्या बॅटरीवर घाला.